काजळ-मस्काऱ्याचे डाग: उशीचे अभ्रे आणि पांढरे टॉवेल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डाग दिसला की आधी काय करायचं?

पाणी लावू नका. सवयीने हात नळाकडेच जातो, पण या डागाचं बहुतेक नुकसान तिथेच होतं. ओल्या बोटाने चोळलं की नखाएवढा डाग तळहाताएवढा होतो, कारण काळा रंग सुटत नाही, फक्त पसरतो.

डागावर काजळाचा जाडसर थर असेल तर तो चमच्याच्या कडेने किंवा जुन्या एटीएम कार्डाने बाहेरून आत, म्हणजे कडेकडून मध्याकडे, खरवडून घ्या. मग कोरडा टिश्यू वर ठेवून नुसता दाबा आणि उचला. दर वेळी टिश्यूची स्वच्छ जागा वापरा. टिश्यूवर काळं उमटेनासं झालं की पुढच्या कामाला लागा. तेवढा वेळ नसेल तर कापड तसंच कोरडं बाजूला ठेवा. टोपलीत इतर ओल्या कपड्यांखाली दाबून टाकू नका. कोरडा डाग रात्रभर थांबला तरी चालतो, ओला करून ठेवलेला मात्र भोवतीच्या धाग्यांत उतरत राहतो.

पांढऱ्या कपड्याला ब्लीच चालतं, मग हा डाग ब्लीचने का जात नाही?

ब्लीच रंग मोडतं. चहाचा, हळदीचा किंवा फळांचा रंग मोडतो, म्हणून त्यांचे डाग फिके पडतात. काजळ आणि मस्काऱ्यातला काळेपणा मात्र बहुतेक वेळा दोन गोष्टींतून येतो: कार्बन, म्हणजे शुद्ध काजळी, आणि काळा आयर्न ऑक्साइड. दोन्ही खनिजासारखे निर्ढावलेले कण आहेत. ब्लीचची त्यांच्यावर मात्रा चालत नाही आणि ते पाण्यात, साबणात किंवा तेलातही विरघळत नाहीत.

म्हणजे काळं घालवायचं नसतं, उचलून काढायचं असतं. हे कण कापडाला स्वतःहून चिकटत नाहीत. त्यांना मेण, तेल आणि सिलिकोन किंवा प्लॅस्टिकसारख्या पातळ पापुद्र्याने धरून ठेवलेलं असतं. तो चिकटा सैल केला की कण मोकळे होतात, मग साबण त्यांना वेढून पाण्याबरोबर बाहेर नेतो. खालची सगळी कृती याच एका गोष्टीवर उभी आहे.

काजळ साधं आहे की वॉटरप्रूफ, हे डागावरून कसं ओळखायचं?

पॅकिंग टाकून दिलेलं असतं किंवा टॉवेल पाहुण्यांनी वापरलेला असतो, तेव्हा ही छोटी चाचणी कामी येते. डागाच्या अगदी कडेला पाण्याने ओला केलेला इअरबड दहा सेकंद दाबून धरा. चोळू नका. कापसावर राखाडी रंग उमटला तर तो साधा, पाण्याने निघणारा मस्कारा. त्याला थेट साबण पुरतो.

कापूस स्वच्छ राहिला तर दुसऱ्या बडवर तेलाचा एक थेंब घेऊन तेच करा. आता काळं आलं, की माल वॉटरप्रूफ किंवा मेणाचा आहे. आजकालची बहुतेक काजळाची पेन्सिल आणि जेल काजळं याच गटात येतात. त्यांना आधी तेल, मग साबण.

तिसरा प्रकारही कधी कधी दिसतो. टॉवेलवर डागाऐवजी बारीक काळ्या शेवयांसारखे तुकडे पडलेले असतात. हा पापण्यांवर नळीसारखा पापुद्रा बसवणारा मस्कारा असतो. तो कोरडाच झटका, ब्रशने झाडा, आणि उरलेलं कोमट पाण्याने खंगाळा. तेल वगैरे काही लागत नाही.

पांढऱ्या टॉवेलवरचा वॉटरप्रूफ डाग: प्रत्यक्ष कृती सांगाल का?

समजा लग्नाहून आल्यावर कुणीतरी पांढऱ्या सुती टॉवेलने डोळे पुसले. चार बोटं रुंद असा काळा पट्टा आहे, मध्ये गडद आणि कडेला राखाडी. सामान असं: खोबरेल किंवा बेबी ऑइल, भांडी घासायचं लिक्विड, एक मऊ टूथब्रश, टिश्यू किंवा जुनं पांढरं फडकं, आणि हाताला ऊबदार लागेल इतकं पाणी, साधारण ४० अंशांचं.

फडक्याची चौपदरी घडी टॉवेलखाली ठेवा. टॉवेल पूर्ण कोरडा हवा. ओल्या सुताच्या धाग्यात पाणी आधीच भरलेलं असतं, तेलाला आत शिरायला जागा मिळत नाही. डागावर तेलाचे पाच-सहा थेंब टाका. हिवाळ्यात खोबरेल थिजलेलं असेल तर बोटांमध्ये वितळवून घ्या. मोहरीचं किंवा तिळाचं तेल नको, त्यांचा स्वतःचा पिवळा डाग राहतो. बोटाच्या टोकाने हलकं दाबत तेल डागात मुरू द्या आणि दहा मिनिटं थांबा.

आता नवा टिश्यू वर ठेवून जोरात दाबा. तो काळा होईल. खालच्या फडक्यावरही काळं उतरलेलं दिसेल, ती घडी फिरवून स्वच्छ बाजू वर आणा. टिश्यू बदलत चार-पाच वेळा दाबा. या टप्प्यावर डाग काळ्याचा राखाडी होतो आणि थोडा मोठा, तेलकट दिसतो. इथे घाबरून बरेच जण तो घाईने पाण्यात घालतात. घालू नका, तेल आपलं काम करतंय.

मग पाण्याचा थेंबही न लावता तेलकट जागेवर अर्धा चमचा लिक्विड ओता. सुक्यावर टाकलं की ते पाण्याने पातळ होण्याआधी थेट तेलाला भिडतं. टूथब्रशने टॉवेलच्या लूप ज्या दिशेला वळतात त्याच दिशेने, वीस-पंचवीस हलके फटकारे मारा. गोल गोल किंवा उलटसुलट घासलं तर लूप ओढल्या जातात, कण त्यांच्या मुळाशी जाऊन बसतात. दहा मिनिटं तसंच ठेवा.

शेवटी टॉवेल उलटा करा आणि नळाखाली असा धरा की पाणी मागच्या बाजूने आत येऊन डाग पुढच्या बाजूने बाहेर पडेल. पुढून पाणी सोडलं तर तेच कण टॉवेलच्या पलीकडे ढकलले जातात. फेस राखाडी निघेल. तो पांढरा होईपर्यंत धुवा. मग टॉवेल पिळून उजेडाकडे धरून बघा. राखाडी छटा असेल तर लिक्विडचा टप्पा पुन्हा, तेलाचा नको. गडद डागाला दोन फेऱ्या लागतात, कधी तीन.

त्यानंतर टॉवेल नेहमीसारखा मशीनला टाका, पण सावलीत वाळवा आणि वाळल्यावर पुन्हा बघा. ओल्या कापडात हलकी छटा दिसत नाही.

उशीच्या अभ्र्यालाही हेच करायचं का?

पद्धत तीच, पण तेल कमी. अभ्र्याचं कापड पातळ असतं, दोन-तीन थेंब पुरतात. दुसऱ्या पदरावर डाग उतरू नये म्हणून अभ्र्याच्या आत पुठ्ठा सरकवा, हे विसरलं की एकाचे दोन डाग होतात. पुठ्ठ्यावर टिश्यू ठेवून मगच तेल लावा. सुती अभ्र्याला टूथब्रशऐवजी बोटं पुरेशी आहेत, कापडाचे दोन भाग एकमेकांवर हलके चोळा.

अभ्रा पॉलिस्टर-मिश्र असेल तर जरा जास्त कष्ट पडतात. पॉलिस्टर पाण्यापेक्षा तेलाशी जास्त सलगी करतं, त्यामुळे काजळातलं तेल त्याला सोडवत नाही. अशा वेळी लिक्विड दहाऐवजी तीस मिनिटं ठेवा. मध्ये सुकू लागलं तर दोन थेंब पाणी शिंपडा, सुकलेल्या लिक्विडचा काही उपयोग नसतो.

घरी केलेलं काजळ लागलंय. ते जास्त हट्टी असतं का?

हो, एका बाबतीत. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर ताटली धरून जमवलेली काजळी आणि वर थोडं तूप, एवढंच त्यात असतं. मेण नाही, सिलिकोन नाही, त्यामुळे चिकटा सहज सुटतो. तूप तर शरीराच्या ऊबेलाच मऊ होतं. पण दिव्याची काजळी फार बारीक असते. ती धाग्याच्या बारीक पिळात शिरते आणि तूप निघून गेलं तरी तिथेच अडकून राहते.

म्हणून इथे वेगळं तेल लावायची गरज नाही. कोरड्या डागावर थेट लिक्विड लावा, पाच मिनिटांनी कोमट पाण्याने मागून धुवा, पुन्हा लिक्विड, पुन्हा पाणी. एकदा अर्धा तास ठेवण्यापेक्षा पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्या जास्त काम करतात, कारण प्रत्येक फेरीत फेस थोडे कण बाहेर नेतो. बाळाच्या तीटेमुळे दुपट्यावर आणि छोट्या उशीवर पडणारे ठिपकेही असेच काढावेत. बाळाच्या कपड्यांतून लिक्विड पूर्ण निघेपर्यंत, म्हणजे निदान तीन वेळा, साध्या पाण्याने खंगाळा.

काळं गेलं, पण पिवळसर वर्तुळ राहिलं. ते काय आहे?

ते तेलाचं आहे. काजळातलं, तुम्ही लावलेलं, किंवा बऱ्याच दिवसांपासून उशीवर जमलेलं चेहऱ्याच्या क्रीमचं. तेल हवेशी संयोग होऊन पिवळं पडतं. आणि इथे मात्र ब्लीचला काम आहे, कारण हा रंग मोडता येण्यासारखा आहे.

पांढऱ्या सुतासाठी ऑक्सिजन ब्लीचची पावडर, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, चांगली. चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा. पाणी ५० अंशांच्या आसपास हवं, थंड पाण्यात ती जवळपास झोपून राहते. पावडर आधी पूर्ण विरघळवा, मग कापड दोन तास बुडवून ठेवा. हे मिश्रण बाटलीत झाकण लावून साठवू नका. त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटू शकते. उरलेलं ओतून द्या.

हे करण्याआधी राखाडी छटा पूर्ण गेलेली हवी. काळं आणि पिवळं दोन्ही असताना ब्लीच केलं, तर भोवतीचं कापड शुभ्र होतं आणि काळा डाग आणखी उठून दिसतो.

क्लोरीनचं ब्लीच वापरलं तर?

सुती टॉवेलला अधूनमधून चालतं, पण या डागासाठी त्याची गरज पडत नाही. रेशीम, लोकर आणि स्पँडेक्स असलेल्या कापडाला अजिबात नको. आणि ते लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. न्हाणीघराचं दार बंद असेल तर ते फार धोक्याचं.

लिंबू-मीठ, टूथपेस्ट, बेकिंग सोडा, नीळ?

लिंबाला इथे काही करायला नाही. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, ती घासून थोडं काळं निघतं, पण सुताचे तंतू उठतात आणि पुढचा डाग तिथेच पहिल्यांदा बसतो. बेकिंग सोडा ओल्या डागावर पसरला तर थोडं तेल शोषतो, एवढंच. निळीने डाग निघत नाही. आधी डाग, मग धुणं, मग हवी तर नीळ, हा क्रम ठेवा. उलटा केला तर निळसर कापडावर राखाडी डाग उरतो आणि तो नीळ न लागलेला भाग वाटतो. जुना हेअरस्प्रेचा उपाय पेनाच्या शाईसाठी होता, मेणावर त्याचा भर नको.

आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. त्याने फरक पडतो?

बराच. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाच्या वडीशी मिळून चिकट पांढरट साका तयार करतो, आणि सुटलेली काजळी त्या साक्यात अडकून पुन्हा कापडावर बसते. टॉवेल सगळीकडे हलका करडा होत जातो, तो बऱ्याचदा याचमुळे. अशा घरात डागाला वडी नको, भांड्यांचं लिक्विड किंवा डिटर्जंट वापरा, त्यांचा असा साका होत नाही. टॉवेल भिजवायच्या बादलीत एक चमचा धुण्याचा सोडा टाकला तर पाणी मऊ होतं. रेशमी अभ्र्याला मात्र सोडा लावू नका. शेवटचं खंगाळणं जमल्यास गोड्या पाण्यात करा.

मशीनमध्ये टाकायचं तर कोणतं तापमान, आणि ड्रायर?

डाग हाताने काढल्याशिवाय मशीनमध्ये नको. मशीनच्या डिटर्जंटचं पाण्यातलं प्रमाण कमी असतं, ते मेणाचा थर फोडायला पुरत नाही, पण पाणी आणि हालचाल डाग पसरवायला पुरेशी असते. डाग गेल्यावर फ्रंट लोडरमध्ये ४० अंश ठेवा. हीटर नसलेल्या टॉप लोडरमध्ये गिझरच्या पाण्याची एक बादली ओता.

कपडे मऊ करणारं कंडिशनर टॉवेलला टाळा. ते लूपवर चरबीचा थर सोडतं. टॉवेल पाणी कमी शोषतो आणि पुढचा मस्कारा त्या थराला घट्ट धरून बसतो.

परदेशात राहणाऱ्यांकडे गरम हवेचा ड्रायर असतो. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत तो वापरू नका. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

इस्त्री फिरवून झाली आणि मग डाग दिसला. आता?

मधमाशांचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, काजळाच्या पेन्सिलीतलं कार्नोबा मेण ८० अंशांच्या पुढे. सुती कपड्याची इस्त्री याच्या कितीतरी वर जाते. म्हणजे इस्त्रीखाली मेण पातळ होऊन काळं बरोबर घेऊन धाग्यात खोल मुरतं आणि गार होताच तिथेच घट्ट बसतं. डागाची कड जराशी चकचकीत दिसते, त्यावरून ओळखू येतो.

पहिल्यांदा इस्त्रीच उलटी वापरा. डागाच्या खाली आणि वर साधा कोरा कागद किंवा टिश्यू ठेवून मंद, कोरडी इस्त्री दहा सेकंद ठेवा. वाफ नको. मेण कागदावर उतरतं. कागद बदलत राहा. मग तेल लावून अर्धा तास थांबा आणि टॉवेलची वरची कृती पुढे करा. सुताचा इस्त्री झालेला डाग दोन-तीन दिवसांत चांगला फिका होतो. पॉलिस्टर-मिश्र अभ्र्यावरचा मात्र बहुतेक पूर्ण जात नाही, तो अभ्रा उशीच्या आतल्या खोळीसाठी ठेवावा.

रेशमी किंवा सॅटिनचा अभ्रा असेल तर?

आधी कापड कळायला हवं. बाजारातलं बरंच सॅटिन पॉलिस्टर असतं, त्याला अभ्र्याची नेहमीची कृती चालते, फक्त बोट हलकं ठेवा. खऱ्या रेशमाला ब्रश, सोडा, गरम पाणी आणि एन्झाइमवालं डिटर्जंट चारही वर्ज्य. एन्झाइम प्रथिनं तोडतात आणि रेशीम हे प्रथिनच आहे. कापसावर मेकअप काढायचं दुपदरी लिक्विड घेऊन, ज्यात वर तेल आणि खाली पाणी असतं, डागावर दाबा. मग सौम्य शाम्पूचे चार थेंब थंडगार नाही, पण गरमही नाही अशा पाण्यात घालून बुडवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा.

गडद निळ्या अभ्र्यावर फिकट नारिंगी ठिपके आलेत. तेही काजळाचेच?

नाही. मुरुमांच्या बेंझॉइल पेरॉक्साइड क्रीमने कापडाचा रंग उडाला आहे. तो डाग नसून रंग गेलेली जागा आहे, धुण्याने परत येणार नाही.

पुन्हा पडू नये म्हणून?

डोळे पुसायला वेगळा, गडद रंगाचा छोटा नॅपकिन ठेवा. मरून किंवा काळा. काही हॉटेलं मेकअपसाठी वेगळा काळा टॉवेल देतात, तो याचसाठी. दुसरी गोष्ट जुन्या घरांत होतीच: अभ्र्याला खळ. तांदळाच्या पेजेची किंवा बाजारातल्या स्टार्चची पातळ खळ दिलेल्या सुती अभ्र्यावर काजळ धाग्याऐवजी खळीवर बसतं आणि धुताना खळीबरोबरच निघून जातं. चेहऱ्याला टोचेल इतकी दाट नको.

डाग अभ्र्यातून उशीपर्यंत गेलाय. उशी धुवावी का?

फक्त वरच्या खोळीवर असेल तर उशी भिजवू नका, आतला कापूस गोळा होतो आणि वाळायला दोन दिवस घेतो. डागाभोवतीची खोळ चिमटीत धरून वर ओढा, म्हणजे ती आतल्या भरणापासून सुटते. त्या चिमटीएवढ्या भागावर लिक्विडचे दोन थेंब लावा, ओल्या फडक्याने टिपत काढा आणि कोरड्या फडक्याने शोषून घ्या. मग उशी उन्हात उभी करून ठेवा.